एका दुष्काळाची पाच नावं

शाळेत निबंध शिकवताना एक नियम हमखास सांगतात. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका, भाषा कंटाळवाणी होते. दोन पानांच्या निबंधाला हा नियम चालून जातो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळा मजकूर एकदमच असतो, त्यामुळं शब्द बदलला तरी वस्तू तीच आहे हे त्याला कळतं. पण आपल्याकडं गावच्या आठवणी लिहिणारी बरीच मंडळी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी नोकरी करून निवृत्त झालेली आहेत. ती हा शाळेतला नियम तसाच चाळीस पानांच्या लेखाला लावतात आणि मग लेखात घोळ होतो.

हा घोळ सोलापूर जिल्ह्यातल्या लेखनात सगळ्यात जास्त होतो तो दुष्काळाबद्दल लिहिताना. दुष्काळाशिवाय आपल्याकडची आठवण पुरी होत नाही, आणि लेख लांबला की हा शब्द पन्नास वेळा येणारच. लिहिणाऱ्याला तो टोचायला लागतो. मग तो एकदा अवर्षण लिहितो, एकदा टंचाई, एकदा संकट, एकदा आपत्ती, एकदा अरिष्ट. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्काळ एकच असतो. वाचणाऱ्यापुढं मात्र पाच गोष्टी उभ्या राहतात.

सांगोला तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी बहात्तरच्या दुष्काळावरचा लेख मला वाचायला दिला होता. हस्तलिखित होतं, बेचाळीस पानांचं. माणूस जाणता, आठवण पक्की, आणि लेखातला ऐवजही अस्सल. त्यात एका पानावर हा मजकूर होता:

"1970 साली आमच्या भागात अवर्षण सुरू झाले. या संकटाने गावाची कंबर मोडली. पुढच्या वर्षी टंचाई जाहीर झाली. दुष्काळाच्या कामावर आई जाऊ लागली. 1972 च्या आपत्तीत आमची बैलजोडी गेली."

हे पान मी दोघींना वाचून दाखवलं. एक माझी आत्या. तिनं तो दुष्काळ स्वतः काढलेला, डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कामावर गेलेली. ती ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, "आरं, येवढ्या आपत्त्या एकामागनं एक आल्या व्हत्या व्हय? का ही एकच हाय?" दुसरी माझी भाची, पुण्यात वाढलेली. तिनं तर सरळ हिशेबच मांडला. सत्तरला अवर्षण, एकाहत्तरला टंचाई, बहात्तरला आपत्ती, म्हणजे तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या गोष्टी. आणि आपत्ती म्हटल्यावर तिला वाटलं की काही साथीचा रोग आला असेल आणि त्यात बैल मेले असतील. प्रत्यक्षात बैल मेले नव्हते. चारा संपला म्हणून ते बाजारात नेऊन मिळेल त्या किमतीला विकले होते.

शहरातल्या मुलीला समजलं नाही तर आपण म्हणतो, तिला गाव कुठं माहीत आहे. पण जी बाई स्वतः त्या कामावर होती, तिलाही स्वतःचाच दुष्काळ ओळखू येईना. तेव्हा दोष ऐकणाऱ्यांचा नव्हता, लेखाचा होता.

आता या शब्दांकडं जरा बारकाईनं पाहू. गुरुजींनी जे शब्द एकाच अर्थाचे म्हणून वापरले, ते आपल्या भागात एका अर्थाचे नाहीतच. ती एका साखळीतली वेगवेगळी कडी आहे.

पाऊस येत नाही, पण येईल अशी आशा आहे, तेव्हा माणसं म्हणतात, "पावसानं ओढ दिली." ओढीत अजून काहीच बुडालेलं नसतं. आपला जिल्हा मूळचा रब्बीचा. ज्वारीची पेर उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर होते, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यामुळं जुलैत पंधरा दिवस कोरडे गेले तर कोकणातला माणूस हबकेल, पण मंगळवेढ्याचा शेतकरी हबकत नाही. त्याचं रान तेव्हा रिकामंच असतं. किंबहुना त्याच कोरड्या पंधरा दिवसांना तो 'उघडीप' म्हणेल, कारण तेवढ्यात त्याला कुळवाच्या पाळ्या घालता येतात. बघा, तेच दिवस, तेच निरभ्र आभाळ. कुणी त्याला ओढ म्हणतं, कुणी उघडीप. पहिल्या शब्दात काळजी आहे, दुसऱ्यात सवड. लेखकानं नुसतं पालट म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकला, तर शेतकऱ्याचा जीव वर होता की खाली हेच उलटं सांगितलं जातं.

अवर्षण हा पुढचा शब्द. तो फक्त आभाळाबद्दल बोलतो: पाऊस पडला नाही. पीक गेलं का, माणसं उठून गेली का, हे तो सांगत नाही. कालव्याखालच्या गावात अवर्षण असूनही ऊस उभा असू शकतो. अवर्षणाचं रूपांतर पुढं नापिकीत होतं, आणि नापिकी सलग दोन-तीन वर्षं चालली, घरातली बळद रिकामी झाली, गंजी संपली, जनावरं विकावी लागली, की माणसं म्हणतात, "दुष्काळ पडला." म्हणजे दुष्काळ हा शब्द आभाळाकडून सुरू होऊन चुलीपर्यंत येतो. बोलण्यात त्याचंच 'दुस्काळ' होतं, 'दुकाळ' होतं. हे मात्र खरे समानार्थी. त्यांच्यात फरक आहे तो फक्त तोंडाचा.

राहिला टंचाई. हा शब्द गावातून आलेला नाही, कचेरीतून आलेला आहे, आणि त्यालाही एक इतिहास आहे. इंग्रजांच्या काळापासून दुष्काळाचे नियम होते आणि त्यांत 'फॅमिन' हा शब्द होता. 1963 साली महाराष्ट्रानं एक कायदाच केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढायचा आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, आणायचा. सरकारची बाजू अशी होती की आता माणसं भुकेनं मरू दिली जात नाहीत, वेळेवर कामं काढली जातात, मग तो जुना शब्द कशाला? त्यानंतर नऊच वर्षांनी बहात्तर साल आलं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. कागदावर ती टंचाई होती. ज्या माणसांनी खडी फोडली त्यांच्या तोंडी आजपर्यंत तो दुष्काळच आहे.

म्हणून आठवणीच्या लेखात टंचाई हा शब्द दुष्काळाला पर्याय म्हणून वापरला, की लेखक नकळत कचेरीच्या बाजूनं बोलायला लागतो. तो शब्द लेखात यायलाच हवा, पण सरकारच्या तोंडचा म्हणून यायला हवा.

शब्द बदलला की काय काय बदलतं, याची अलीकडची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. 2015-16 च्या हंगामात सरकारी आदेशांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असा शब्द होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे 2016 मध्ये सरकारनं सांगितलं की जिथं दुष्काळसदृश म्हटलं आहे तिथं दुष्काळ असंच वाचावं. ही 29 हजारांहून जास्त गावांची गोष्ट होती. म्हणजे त्या वर्षी हे दोन शब्द एकाच अर्थाचे ठरले, आणि तेही लेखी सांगून.

पुढं 2018 साली काय झालं पाहा. तोवर केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली होती. तिच्याप्रमाणं आधी पावसाची तूट पाहायची, मग पिकाची आणि जमिनीतल्या ओलीची स्थिती, आणि शेवटी काही गावांत प्रत्यक्ष जाऊन पिकाची पाहणी करायची. त्या वर्षी 23 ऑक्टोबरला 180 तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. 31 ऑक्टोबरला 151 तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. आठ दिवसांत 29 तालुक्यांचा फरक. म्हणजे या वेळी तेच दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हते. पहिला कच्च्या यादीचा होता, दुसरा पक्क्या. आणि पक्क्या यादीबरोबर जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ, असं सगळं येतं.

या दोन वर्षांबद्दल कुणी एकच लेख लिहिला आणि कंटाळा नको म्हणून कधी दुष्काळ, कधी दुष्काळसदृश असं लिहीत गेला, तर 2016 पुरतं ते खपून जाईल. 2018 बद्दल मात्र तो चुकीचं सांगत असेल. वाचणाऱ्याला कुठला बदल नुसता भाषेचा आणि कुठला खरा, हे ओळखायला काही साधन उरत नाही. 2016 च्या त्या आदेशात लेखकानं शिकण्यासारखी गोष्ट आहे ती हीच. दोन शब्द एकच मानायचे असतील तर तसं एकदा स्पष्ट लिहून टाकावं.

मग लांब लेखात शब्द बदलायचाच नाही का? तसं मी म्हणणार नाही. गावात एका गोष्टीला अनेक नावं असतात आणि ती लेखात आली नाहीत तर लेख बेचव होतो. प्रश्न आहे तो आणायचं कसं याचा.

माझं सांगणं असं की प्रत्येक मोठ्या गोष्टीसाठी एक शब्द खुंट्यासारखा ठोकून घ्यावा. जनावर दिवसभर कितीही फिरलं तरी दावं खुंट्याला असतं. बहात्तरच्या लेखात तो खुंटा 'दुष्काळ'. दुसरं कुठलंही नाव पहिल्यांदा येईल, तेव्हा त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात खुंट्याचा शब्द दिसला पाहिजे. आणि नवं नाव कुणाचं आहे तेही कळलं पाहिजे. सरकारचं, आईचं, वर्तमानपत्राचं की शेजारच्या तालुक्यातलं. एका परिच्छेदात अशी दोन नवी नावं आणू नयेत. पहिलं रुजायच्या आत दुसरं आलं की दोन्ही वाया जातात. दहा-बारा पानांनी ते नाव पुन्हा आलं, तर पुन्हा एकदा हलकासा धागा द्यावा, कारण इतक्या पानांवर वाचणारा ते विसरलेला असतो.

आणि जे शब्द कुणाचेच नाहीत ते काढून टाकावेत. आपत्ती, अरिष्ट, संकट हे शब्द सांगोल्यात कुणी दुष्काळाला वापरत नाही, आणि त्या काळच्या सरकारी कागदांतही दुष्काळाचं नाव म्हणून ते नव्हते. ते फक्त पुनरुक्ती टाळायला आलेले आहेत. असे शब्द ओळखायची सोपी खूण आहे. तो शब्द कुणाच्या तोंडी घालून पाहावा. "आई म्हणाली, अरिष्ट आलं" असं लिहून बघितलं की आपल्यालाच हसू येतं.

या पद्धतीनं गुरुजींबरोबर बसून ते पान पुन्हा लिहिलं. माहिती त्यांचीच, एक गोष्टही वाढवली नाही. मी फक्त विचारत गेलो: अवर्षण म्हणजे नेमकं काय झालं? टंचाई कोण म्हणालं? बैल गेले म्हणजे कुठं गेले? त्यातून हे तयार झालं:

"आम्ही म्हणतो बहात्तरचा दुष्काळ, पण तो सत्तर सालीच सुरू झाला होता. त्या वर्षी हस्त कोरडा गेला आणि ज्वारीची पेर झालीच नाही. दुसऱ्या वर्षी पेर झाली, कणीस भरलं नाही. सरकारनं या दुष्काळाला टंचाई असं नाव दिलं आणि रस्त्याची कामं काढली. गावात त्या कामाला कुणी टंचाईचं काम म्हणत नव्हतं, खडी म्हणत. आई खडीवर जाऊ लागली. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी कडबा संपला आणि आमची बैलजोडी सांगोल्याच्या बाजारात विकली गेली."

यात दुष्काळ हा शब्द तीनदा आला आहे. ऐकताना तो कुठं टोचत नाही, उलट तिसऱ्यांदा येतो तेव्हा जड होऊन येतो, कारण तोवर दोन वर्षं त्याच्यात साठलेली असतात. टंचाई आहे, खडी आहे, म्हणजे नावं बदलली आहेत, पण प्रत्येक नावामागं ते घेणारा माणूस उभा आहे. अवर्षणाच्या जागी कोरडा हस्त आला, म्हणजे एका पुस्तकी शब्दाऐवजी घडलेली गोष्ट आली. आणि बहात्तर हे एका वर्षाचं नाव असलं तरी दुष्काळ तीन वर्षांचा होता, ही सगळ्यात मोठी गाठ पहिल्याच वाक्यात सुटली. आपल्या पिढीला ती गाठ दिसत नाही. सत्तरनंतर तीस-चाळीस वर्षांनी जन्मलेल्या वाचकाला ती दिसते आणि तो अडखळतो.

खडीबद्दल एक सांगायला हवं. बहात्तरच्या कामांना बरेच लेखक 'रोजगार हमी' म्हणतात, कारण पुढं गावात तसलं प्रत्येक काम त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. रोजगार हमी ही योजना त्याच सुमारास निघाली हे खरं, पण तिचा कायदा झाला 1977 साली. दुष्काळातली ती प्रचंड कामं टंचाई निवारणाची म्हणून चालली होती. काम तेच, खडी तीच, पण एकीकडं सरकार अडचणीत मदत करत होतं आणि दुसरीकडं मजुराला काम मागायचा हक्क मिळाला होता. इथं शब्दांची अदलाबदल केली तर माणसाला हक्क कधी मिळाला याची तारीखच पुसली जाते. आईच्या तोंडी रोजगार हमी आली तर येऊ द्यावी, तिच्या बोलण्यात ती नंतर मिसळलेली असते. लेखकानं स्वतःच्या वाक्यात मात्र भेद ठेवावा.

पुनरुक्ती टाळायला मराठीत आणखी एक सरळ वाट आहे, ती म्हणजे शब्दच न घेणं. "दुष्काळ आला. त्यानं काय काय नेलं सांगू? आधी दूध नेलं, मग बैल, मग शाळा." पहिल्यानंतर दुष्काळ पुन्हा आला नाही, पर्यायही आला नाही, तरी तोच बोलतो आहे. आपल्याकडच्या बायका जुनं सांगताना असंच सांगतात. 'तो', 'त्यात', 'तवा' एवढ्यावर त्या अर्धा तास काढतात आणि ऐकणारा कुठं चुकत नाही. याला मर्यादा एवढीच की मध्ये दुसरा कुणी 'तो' आला, मुकादम किंवा पाऊस, तर लगेच पुन्हा नाव घ्यावं लागतं.

आणि एका ठिकाणी ही खुंट्याची पद्धत अपुरी पडते. लेखकाला स्वतःलाच ठाऊक नसतं की आपले दोन शब्द एक आहेत की दोन. तिथं भाषा सुधारून भागत नाही, जाऊन विचारावं लागतं. गुरुजींच्या लेखात पुढं 'सुकडी' आणि 'दुष्काळी खाऊ' असे दोन शब्द होते. ते एकच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आता नाही सांगता यायचं, थोरल्या बहिणीला विचारतो." तीन आठवड्यांनी ते ती दोन पानं नव्यानं लिहून घेऊन आले. बहिणीच्या सांगण्याप्रमाणं सुकडी कामावर मिळायची आणि खाऊ शाळेत, आणि पोरं शाळेला दांडी मारून कामावर का पळायची ते त्यातून पहिल्यांदा कळत होतं.

लेख पुरा झाला की तपासायची रीत अगदी घरगुती आहे. दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. एकीनं खुंट्याच्या शब्दाखाली रेघ मारावी, दुसरीनं त्याच गोष्टीच्या बाकी सगळ्या नावांखाली. मग दुसऱ्या रंगाच्या प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारावं: इथं काय बदललं? आभाळ बदललं, बोलणारा बदलला, की कागद बदलला? यातलं काही बदललं असेल तर शब्द राहू द्यावा. काहीच बदललं नसेल तर तो खोडून दुष्काळच लिहावं. गुरुजींच्या बेचाळीस पानांत दुसऱ्या रंगाच्या अठ्ठ्याऐंशी रेघा निघाल्या होत्या. त्यातल्या एकतीस राहिल्या.